मित्रांची क्रिकेट लिलाव लीग: खेळाडूची किंमत कशी काढायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फोंड्यात आम्ही आठ जण दरवर्षी आयपीएलच्या आधी आपला स्वतःचा लिलाव भरवतो. एक औषधांच्या दुकानात बसतो, दोघे शाळेत शिकवतात, एकाचं गॅरेज आहे, बाकीचे नोकरदार. मार्च उजाडला की ओळखीतले लोक विचारायला लागतात, "आम्हालाही असं काही चालू करायचं आहे, कसं करायचं?" दरवेळी चहा पिता पिता तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून काढलं.

हा खेळ नेमका आहे तरी काय?

प्रत्येकाला खोटे १०० कोटी मिळतात. त्यात ११ खेळाडू विकत घ्यायचे: चार फलंदाज, एक यष्टिरक्षक, दोन अष्टपैलू आणि चार गोलंदाज. मूळ किंमत १ कोटी. एक खेळाडू एकाच संघात. म्हणजे कोहली एकाने घेतला की उरलेल्या सातांनी त्याचे चौकार हात चोळत बघायचे. पुढे आयपीएलच्या साखळी सामन्यांत हे खेळाडू जे करतील त्याचे गुण तुमच्या खात्यात जमा होतात. लिलावात कोणीच न घेतलेला खेळाडू दर सोमवारी कुणाच्याही जागी घेता येतो. हा शेवटचा नियम किरकोळ वाटतो, पण सगळं गणित त्याच्यावरच उभं आहे. पुढे येईलच.

एवढा खटाटोप कशाला? तयार गेम आहेत की.

आहेत, आणि चांगले आहेत. फुटबॉल मॅनेजरवर मी स्वतः कित्येक रात्री घालवल्या आहेत. पण तिथे खेळाडूचे गुण १ ते २० अशा आकड्यांत दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवून दिलेले असतात. आकडेमोडीची आवड असलेल्या माणसाला खरी मजा तो आकडा स्वतः काढण्यात आणि मग तो चुकला की कपाळावर हात मारून घेण्यात असते.

गुण कसे द्यायचे?

नियम जितके कमी तितकी भांडणं कमी. आमचे असे: धावेला १, बळीला २५, झेल किंवा यष्टिचीतला ८. त्यावर वेगाचा हिशेब. चेंडूमागे दीड धाव ही आम्ही बरोबरीची रेषा धरतो. फलंदाजाने ३० चेंडूंत ६० केल्या तर ३० चेंडूंची बरोबरी होते ४५, म्हणून त्याला ६० अधिक १५ असे ७५ गुण. २० चेंडूंत २० केल्या तर २० मधून १० वजा. गोलंदाजाला हेच उलटं: चार षटकांत २८ दिल्या तर ३६ वजा २८, म्हणजे ८ गुण जास्तीचे.

ही रेषा कायमची नाही. २०२३ मध्ये इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आला, संघांना एक फलंदाज जास्तीचा मिळाला आणि धावांचा वेग वर गेला. जुन्या रेषेवर अडून बसलात तर सगळे फलंदाज थोर आणि सगळे गोलंदाज टाकाऊ दिसायला लागतात. म्हणून दरवर्षी मागच्या हंगामाच्या एकूण धावा भागिले एकूण चेंडू करून ती पुन्हा तपासायची.

याच नियमाचा दुसरा फटका अष्टपैलूंना बसला. फलंदाजी झाली की त्याच्या जागी पूर्णवेळ गोलंदाज येऊ शकतो, मग त्याची षटकं जातात. रोहित शर्माने २०२४ मध्ये हे उघडपणे बोलून दाखवलं होतं. तेव्हा नावापुढे "अष्टपैलू" लिहिलंय यावर जाऊ नका. मागच्या हंगामात त्याने खरोखर किती षटकं टाकली ते बघा.

जास्त गुण करणाऱ्याला जास्त किंमत, इतकं सोपं नाही का?

नाही. नवीन माणूस इथेच पैसे घालवतो, आणि पहिली दोन वर्षं मीही घालवले.

खेळाडूची किंमत त्याच्या एकूण गुणांवर ठरत नाही. त्याच्याऐवजी १ कोटीत जो मिळाला असता त्याच्यापेक्षा तो किती जास्त देतो, त्यावर ठरते. आठ संघ गुणिले चार, म्हणजे ३२ फलंदाज विकले जाणार. मग ३३ वा फलंदाज हा फुकटात मिळणारा माणूस. यष्टिरक्षक आठ विकले जाणार, म्हणून तिथे नववा. या फुकटातल्या माणसाला आमच्यात "फळीवरचा" म्हणतात, दुकानात न खपलेला माल फळीवर राहतो तसा.

आता एक बनवलेलं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्या खऱ्या खेळाडूचे नाहीत. एका फलंदाजाकडून हंगामात ६२० गुणांची अपेक्षा आहे आणि फळीवरचा, म्हणजे ३३ वा फलंदाज, २९० करील. वरचढ गुण ३३०. एका यष्टिरक्षकाकडून अपेक्षा ५६० चीच आहे, पण नववा यष्टिरक्षक जेमतेम १८० करील. वरचढ गुण ३८०. एकूण गुण ६० ने कमी असूनही यष्टिरक्षक महाग.

याचे कोटी करायचे तर खोलीतला सगळा पैसा मोजा. आठ जणांचे मिळून ८०० कोटी. ८८ खेळाडू घ्यायचेच आहेत, प्रत्येकी किमान १ कोटी, म्हणजे ८८ कोटी आधीच अडकले. खऱ्या बोलीसाठी उरले ७१२. विकल्या जाणाऱ्या ८८ जणांच्या वरचढ गुणांची बेरीज करा. ती समजा १०,६८० आली. १०,६८० भागिले ७१२ म्हणजे १५. याचा अर्थ या खोलीत १५ वरचढ गुणांना १ कोटी हा भाव आहे. फलंदाजाचे ३३० भागिले १५ म्हणजे २२, अधिक मूळ किंमत १, झाले २३ कोटी. यष्टिरक्षकाचे त्याच हिशेबाने २६ कोटींच्या थोडे वर.

हे सगळं यष्टिरक्षक कोणाला म्हणायचं यावर अवलंबून असतं, हे आम्हाला एका वर्षी फार उशिरा कळलं. एकाने नुसता फलंदाज म्हणून खेळणारा माणूस यष्टिरक्षकाच्या जागेवर बसवला. खेळाडूंच्या यादीत त्याच्या नावापुढे हातमोज्याचं चिन्ह होतं, एवढाच पुरावा. रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला. त्यानंतर नियम केला: मागच्या हंगामात किमान तीन सामन्यांत ज्याने प्रत्यक्ष यष्टिरक्षण केलं तोच यष्टिरक्षक. व्याख्या सैल केली की नववा यष्टिरक्षक तगडा होतो आणि पहिल्याची किंमत आपोआप उतरते, म्हणून हा नियम लिलावाच्या आधी कागदावर हवाच.

पुढच्या हंगामात कोण किती गुण करील हे आधीच कसं सांगायचं?

नेमकं सांगता येत नाही, पण मूर्खपणा टाळता येतो. मागचे तीन हंगाम घ्यायचे आणि ताज्याला जास्त वजन द्यायचं: मागच्या वर्षाला ३, त्याआधीच्याला २, त्याआधीच्याला १. आणि जो आकडा थोड्याशा चेंडूंवर आलाय तो सरासरीकडे ओढायचा.

हे ओढणं का लागतं, ते गोव्याच्या माणसाला आपल्या स्वप्नील अस्नोडकरच्या उदाहरणावरून लगेच पटतं. २००८ च्या पहिल्याच आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सकडून ग्रॅम स्मिथच्या जोडीला सलामीला येऊन त्याने ९ सामन्यांत ३११ धावा केल्या आणि संघाने विजेतेपद मिळवलं. पर्वरीपासून काणकोणपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच नाव होतं. २००९ च्या आधी आमची लीग असती तर मी त्याच्यावर अर्धी थैली रिकामी केली असती. त्याची आयपीएल कारकीर्द २० सामने आणि ४२३ धावांवर थांबली, म्हणजे नंतरच्या ११ सामन्यांत मिळून ११२. यात ती खेळी खोटी होती असं कोणी म्हणू नये. नऊ सामने हा पुढचं सांगायला फार लहान तुकडा आहे, एवढंच.

ओढायची रीत अशी. समजा एका नवीन फलंदाजाने ९० चेंडू खेळलेत आणि स्ट्राइक रेट आहे १७८. त्याच्या धाटणीच्या फलंदाजांची सरासरी १४५ आहे. आम्ही प्रत्येकाच्या खात्यात सरासरीचे २०० खोटे चेंडू घालतो. मग ९० गुणिले १७८ अधिक २०० गुणिले १४५, भागिले २९०. उत्तर येतं १५५. तो चांगला आहे, पण १७८ चा नाही. ज्याने १,२०० चेंडू खेळलेत त्याच्या आकड्याला हे २०० चेंडू फारसे हलवत नाहीत, आणि तेच हवं आहे. २०० हा आकडा आमच्या अनुभवातला. तुम्ही जुने हंगाम घेऊन १०० आणि ३०० नेही करून बघा आणि ज्याने पुढचं वर्ष जास्त जवळून लागतं तो ठेवा.

दुखापतींचं काय करायचं?

सामने वेगळे अंदाजायचे. आयपीएलच्या साखळीत प्रत्येक संघाला १४ सामने असतात. एक खेळाडू सामन्याला ५० गुण देतो पण सहाच सामने खेळेल असं वाटतं, दुसरा ३५ देतो पण सगळे १४ खेळेल. पहिला नसेल तेव्हा त्या जागी फळीवरचा येतो, सामन्याला वीसेक गुण देणारा. तर पहिल्या जागेचे ३०० अधिक १६०, म्हणजे ४६०. दुसऱ्याचे ४९०. दुसरा पुढे आहे, पण लोक समजतात तितका नाही. म्हणून दुखापतीला घाबरून तारे सोडू नका, फक्त किंमत त्या मानाने कापा.

बाकावर बसणाऱ्यांच्या बाबतीत मात्र मी निर्दय असतो. दहा कोटींना खऱ्या लिलावात गेलेला परदेशी खेळाडू अकरांत चारच परदेशी चालतात म्हणून अख्खा हंगाम पाणी नेऊन देत बसू शकतो.

आकडे आणायचे कुठून?

क्रिकशीट या संकेतस्थळावर आयपीएलच्या प्रत्येक चेंडूची नोंद फुकट मिळते. तीन हंगामांचे सामने उतरवून एकाखाली एक जोडले की पन्नासेक हजार ओळी होतात. साधा लॅपटॉप तेवढ्या पेलतो. २००८ पासूनच्या सगळ्या घेतल्यात तर सूत्रं रांगायला लागतील.

CSV फाइलमध्ये एक ओळ म्हणजे एक चेंडू. ती स्प्रेडशीटमध्ये `data` नावाच्या पानावर टाका, दुसऱ्या पानावर A स्तंभात खेळाडूंची नावं लिहा, आणि धावा व खेळलेले चेंडू असे काढा:

```
=SUMIFS(data!L:L, data!I:I, A2, data!E:E, "<=2")
=COUNTIFS(data!I:I, A2, data!N:N, "", data!E:E, "<=2")
```

इथे I म्हणजे `striker`, L म्हणजे `runs_off_bat`, N म्हणजे `wides` आणि E म्हणजे `innings`. तुमच्या फाइलमध्ये स्तंभ याच क्रमाने आहेत ना, ते पहिल्या ओळीवरून बघून घ्या. वाइड चेंडू फलंदाजाच्या खात्यात मोजत नाहीत, नो-बॉल मोजतात, म्हणून फक्त `wides` रिकामा असल्याची अट. `innings` ची अट का, ते सांगतो. सुपर ओव्हर तिसरा आणि चौथा डाव म्हणून नोंदलेली असते. आम्ही ते विसरलो होतो आणि एका खेळाडूचे गुण आमच्या हातच्या नोंदीशी जुळेनात. दोन तास शोधल्यावर कळलं.

आणखी दोन खड्डे. `wicket_type` मध्ये `run out` सुद्धा असतो, त्याचा बळी गोलंदाजाला देऊ नका. आणि नावं धावफलकाच्या पद्धतीची असतात, `V Kohli`, `RG Sharma` अशी. तुम्ही "रोहित" शोधत बसलात तर शून्य येईल आणि सूत्र चुकलंय असं वाटेल. तपासायची सोपी खूण: एखाद्या ओळखीच्या फलंदाजाच्या तिन्ही हंगामांतल्या एकूण धावा पानावर आलेल्या आकड्याशी ताडून बघा. एकाही धावेचा फरक असेल तर पुढे जाऊ नका.

प्रत्यक्ष लिलावात माझ्या किमतींच्या वर बोली जाते. मग काय?

जाणारच. आठ जणांचे आठ अंदाज असतात आणि खेळाडू ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला त्याच्याकडे जातो. जिंकलेली बोली म्हणजे बहुतेकदा सगळ्यांत मोठी चूक, हे लक्षात ठेवून आपल्या किमतीच्या थोडं खालीच थांबायची सवय लावावी.

पण सुरुवातीला पैसा उधळला गेला की नंतर स्वस्ताई येते, आणि ती मोजता येते. समजा २० खेळाडू गेले. तुमच्या कागदावर त्यांची किंमत ३४० कोटी होती, पण खोलीने ४०० मोजले. आता खोलीत ४०० उरले. ६८ जागा भरायच्या आहेत, त्यांचे ६८ वजा करा, खुला पैसा ३३२. कागदावर उरलेल्या खेळाडूंची किंमत ८०० वजा ३४०, म्हणजे ४६०. त्यातूनही ६८ वजा केले की ३९२. ३३२ भागिले ३९२ म्हणजे साधारण ०.८५. याचा अर्थ आता प्रत्येकाच्या मूळ किमतीवरच्या भागाला ०.८५ ने गुणा. मघाचा यष्टिरक्षक अजून शिल्लक असेल तर २५.३ चे साडेएकवीस होतात, अधिक १, म्हणजे साडेबावीस कोटी. त्याच्यासाठी सव्वीस मोजलेत तर तुम्हीही उधळणाऱ्यांतलेच.

आमच्यातला गॅरेजवाला संगणकाला हात लावत नाही. वहीच्या मागच्या पानावर दर दहा खेळाडूंनी एवढाच एक भागाकार करतो. गेल्या तीन लिलावांत सगळ्यांत शहाणा संघ त्याचाच होता, हे लिहिताना मला फार आनंद होतोय असं नाही.

जास्तीत जास्त किती बोली लावू शकता तेही प्रत्येकाच्या पुढ्यात लिहिलेलं असावं: उरलेले पैसे वजा (उरलेल्या जागा वजा १). हे न पाहता बोलणारा माणूस शेवटच्या तीन जागा भरायला पैसे नाहीत म्हणून हटकून रडतो.

फुटबॉलसाठी हेच चालेल का? गोव्यात तर फुटबॉलवालेच जास्त.

गणित तेच, उत्तरं वेगळी. प्रीमियर लीगवर खेळत असाल तर गुण स्वतः मोजायची गरज नाही, फॅन्टसी प्रीमियर लीगचे अधिकृत गुण घ्या. मूळ खेळात एकच खेळाडू लाखो लोकांच्या संघात असतो आणि किंमत आधी ठरलेली असते. तुम्ही फक्त त्यांचे गुण वापरायचे, लिलाव आपला.

गंमत गोलरक्षकाची आहे. क्रिकेटमध्ये आयपीएलच्या दहा संघांतून आठ यष्टिरक्षक उचलले जातात, फळीवर गाळ उरतो. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब, तुम्ही आठ गोलरक्षक घेतले तरी फळीवर बारा नेहमी खेळणारे शिल्लक. नववा गोलरक्षक पहिल्याच्या फार मागे नसतो. म्हणून क्रिकेटमधली सगळ्यांत महाग जागा इथे १ कोटीत उरकते. सगळा पैसा नेहमी गोल करणाऱ्या मूठभर लोकांवर. फातोर्ड्याला सामना बघून आलेला माणूस गोलरक्षकाच्या प्रेमात पडलेला असतो, त्याला हे पटवणं कठीण.

पैसे लावले तर?

लावू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. कॅसिनोच्या राज्यात राहतो म्हणून सगळंच चालतं असं नाही. आमच्यात तळाला राहिलेला माणूस सगळ्यांना पातळभाजी-पाव आणि मिरची खाऊ घालतो.

लिलाव कधी ठेवावा?

संघांच्या दुखापतींच्या बातम्या येऊन गेल्या की, म्हणजे पहिल्या सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी. वेळ साडेतीन तास धरा. ८८ खेळाडूंना सरासरी दोन मिनिटं, आणि वाद वेगळे. फक्त शिगम्याची मिरवणूक कोणत्या दिवशी आहे ते आधी बघा. एका वर्षी आमचा लिलाव नेमका त्याच संध्याकाळी आला, बाजारातला रस्ता बंद, आणि दोघे जण रोमटामेळाच्या मागे अडकले. ते पोचेपर्यंत सहा यष्टिरक्षक गेले होते.